"फॉलो करा" काढून "सेव्ह करा" लिहायचं का? चटणीच्या पेजचा प्रश्न

स्वाती, विश्रामबाग
मी आणि सासूबाई मिळून कांदा-लसूण चटणी, हळद, मेतकूट करून विकतो, इन्स्टावर पेज आहे. प्रत्येक पोस्टच्या शेवटी "अशाच रेसिपीसाठी आमच्या पेजला फॉलो करा" असतंच. भाचा म्हणतो ते काढ आणि सेव्ह करायला नाहीतर कमेंट करायला सांग. मला पटत नाहीये, फॉलोअर वाढले तरच गिऱ्हाईक वाढणार ना? अनुभव असेल त्यांनी सांगा.

नितीन, मिरज
भाचा बरोबर बोलतोय ताई. लाईकला आता काही किंमत राहिली नाही, सेव्हला सगळ्यात जास्त वजन आहे, एक सेव्ह म्हणजे दहा लाईक धरा. मी माझ्या पेजवर प्रत्येक पोस्टखाली सेव्ह करा टाकतो, सणाच्या शुभेच्छा असल्या तरी टाकतो, सवय लागली पाहिजे लोकांना.

प्रकाश, गणपती पेठ
मला अजिबात पटत नाही. माझं कापडाचं दुकान आहे, चार वर्षं पेज चालवतोय. सेव्ह कुणी केलं ते आपल्याला दिसतच नाही, नुसता आकडा दिसतो. आता चाळीस जणांनी सेव्ह केलं तर त्यांना मी फोन करू शकत नाही, मेसेज करू शकत नाही, ते कुठले आहेत तेही कळत नाही. आणि सेव्ह केलेलं कोण परत उघडून बघतंय ओ? माझ्याच मोबाईलमध्ये शेकडो पोस्ट सेव्ह करून पडल्यात. फॉलो केलेला माणूस निदान उद्याच्या पोस्टला समोर असतो, म्हणून मी फॉलोच मागतो आणि मागत राहणार.

अनघा, सातारा
स्वातीताई, मी साताऱ्यात दोन पेढ्याच्या दुकानांचं आणि कासकडच्या एका होमस्टेचं पेज सांभाळते, रोज हेच काम आहे, त्यामुळं जरा सविस्तर लिहिते.

आधी नितीनदादांचं. एक सेव्ह म्हणजे दहा लाईक असा हिशोब इन्स्टाग्रामनं कधी दिलेला नाही. 2021 मध्ये त्यांनी फीडबद्दल लिहिलं होतं की पोस्टवर माणूस काही सेकंद थांबेल का, लाईक, कमेंट, सेव्ह करेल का, प्रोफाईलवर जाईल का याचा अंदाज ते बांधतात, म्हणजे सेव्ह त्यात आहे पण एकटं नाही. आणि जानेवारी 2025 मध्ये इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जे तीन मोठे मुद्दे सांगितले ते किती वेळ बघितलं, लाईक आणि दुसऱ्याला पाठवणं हे होते, आणि आपल्याला ओळखत नसलेल्या लोकांपर्यंत जायला पाठवणं जास्त उपयोगी पडतं असंही सांगितलं. त्यामुळं अल्गोरिदमसाठी सेव्ह मागायचं हे कारण मी बाजूला ठेवते.

माझं कारण वेगळं आहे. "फॉलो करा" हे वाक्य सगळ्या पोस्टला सारखंच बसतं, चटणीला पण आणि साडीला पण, म्हणून ते कुणी वाचतच नाही. पहिल्यांदा तुमची पोस्ट बघणाऱ्याला तुम्ही कोण ते माहीत नाही आणि तुम्ही त्याच्याकडं कायमचं नातं मागताय. सेव्ह म्हणजे छोटं काम आहे, पण त्याला कारण लागतं: हे मला परत कधी लागणार आहे? ते कारण वाक्यात दिसलं पाहिजे.

तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घेऊ. वर्षाची चटणी लोक उन्हाळ्यात करतात. 1 किलो मिरचीला धने किती, खोबरं किती, बेडगी किती आणि संकेश्वरी किती, हे प्रत्येक घरात दरवर्षी कुणालातरी फोन करून विचारलं जातं. ही गोष्ट सेव्ह होण्यासारखी आहे कारण ती लागणार आहे कांडपाला जायच्या आदल्या दिवशी, आज नाही. तिथं "सेव्ह करून ठेवा" एवढंच न लिहिता "मिरची आणायला जाल तेव्हा हे प्रमाण लागेल, आत्ताच सेव्ह करून ठेवा" असं लिहा. आता तुमच्या चटणीच्या पाकिटाचा फोटो आणि वर 10 टक्के सूट, हे कोण सेव्ह करणार? तिथं सेव्ह मागितलंत तर पुढच्या वेळी खऱ्या ठिकाणी मागितलेलं पण वाया जातं.

जालिंदर काका, तासगाव
आमचा बेदाण्याचा धंदा आहे. मी पण व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना सांगतो नंबर सेव्ह करा म्हणून, लोक करत नाहीत. ब्रॉडकास्ट टाकला की निम्म्यांना जातच नाही. काय लिहावं म्हणजे सेव्ह करतील?

अनघा, सातारा
काका, स्वातीताईंचं सेव्ह वेगळं, त्या इन्स्टावरची पोस्ट जपून ठेवण्याबद्दल विचारतायत. पण तुमचं दुखणं खरं आहे, समोरच्यानं आपला नंबर सेव्ह केलेला नसेल तर ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज त्याला पोचत नाही. इलाज मात्र तोच, कारण द्या. "नंबर सेव्ह करा" ऐवजी "नवीन बेदाणा निघाला की भाव याच नंबरवरून येईल, नंबर सेव्ह नसेल तर मेसेज पोचणार नाही" असं लिहून बघा.

जालिंदर काका, तासगाव
हे बरं सांगितलं ताई. आजच पाठवतो.

रोहित, इस्लामपूर
सेव्ह वगैरे सोडा, कमेंट मागा. "रेसिपी पाहिजे असेल तर कमेंटमध्ये चटणी लिहा" असं टाका, माझ्या मित्रानं टाकलं तर एका रीलला तीनशेच्या वर कमेंट पडल्या, रीच पण भरपूर गेला.

प्रकाश, गणपती पेठ
आणि त्या तीनशे जणांना रेसिपी पाठवली का त्यानं?

रोहित, इस्लामपूर
पहिल्या पन्नास-साठ जणांना पाठवली, नंतर जमलं नाही.

अनघा, सातारा
रोहित, इथंच ते फिसकटतं. दोनशे चाळीस माणसं हात पुढं करून थांबली आणि त्यांना काही मिळालं नाही, ती परत कमेंट करणार नाहीत. पाठवायची सोय असेल तरच तसं मागावं. फेसबुकनं तर डिसेंबर 2017 मध्येच जाहीर केलं होतं की नुसतं लाईक, कमेंट, टॅग, शेअर उकळायला लिहिलेल्या पोस्ट ते खाली ढकलणार. त्याच वेळी हेही म्हटलं होतं की कुणी खरोखर सल्ला मागत असेल, मदत मागत असेल तर त्याला हे लागू नाही. फरक तोच आहे. कमेंटमध्ये "चटणी" हा शब्द लिहून घेणं आणि "तुमच्याकडं चटणीला कांदा वाळवून तळतात का ओलाच भाजतात? गावाचं नाव पण लिहा" असं विचारणं. या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायला बाईला विचार करावा लागत नाही, तिच्या घरात ते होतच असतं, आणि तिला सांगायची हौस पण असते. "कशी वाटली ते कमेंटमध्ये सांगा" याला मात्र उत्तर म्हणून एक अंगठा येतो, बाकी काय सांगणार ती.

प्रकाशदादा, तुमचा नाव दिसत नाही हा मुद्दा मला मान्य आहे. म्हणूनच विकायच्या बाबतीत मी कमेंटला वरचं स्थान देते. कमेंट करणारी दिसते, तिला उत्तर देता येतं, कऱ्हाडची बाई लिहिते आमच्याकडं ओला भाजतात, तिथून बोलणं सुरू होतं. फक्त भाव लपवून "किंमतीसाठी कमेंट करा" हे करू नका, लोक वैतागतात.

स्वाती, विश्रामबाग
तुमचं वाचून मी मागचे आकडे काढून बघितले. डिसेंबरमध्ये हळदीच्या दुधाची रील टाकलेली, फॉलो करा लिहून, ती 4,200 लोकांपर्यंत गेली आणि 38 सेव्ह. मार्चमध्ये चटणीच्या प्रमाणाचा तक्ता टाकला, तेव्हा भाच्यानं हट्टानं सेव्ह करा लिहायला लावलेलं, तो 2,900 जणांपर्यंतच गेला पण 117 सेव्ह. म्हणजे हजाराला 9 आणि हजाराला 40. एवढा फरक पडतो का खरंच त्या एका वाक्यानं?

नितीन, मिरज
बघा! मी काय म्हणत होतो.

प्रकाश, गणपती पेठ
नितीन, थांब जरा. एक हळदीचं दूध आहे, दुसरा चटणीचा तक्ता. एक डिसेंबर, दुसरा मार्च, ऐन मिरचीचा हंगाम. एक रील, दुसरे फोटो. तक्ता तर लोकांनी न सांगता पण सेव्ह केला असता. यात वाक्याचं श्रेय किती ते कसं काढणार? आणि ताई, त्या तक्त्यावरून नवे फॉलोअर किती आले, ऑर्डरी किती आल्या?

स्वाती, विश्रामबाग
इनसाइट्समध्ये तक्त्याचे फॉलो 11 दाखवतंय, रीलचे 6. ऑर्डर कुठल्या पोस्टवरून आली ते मी कधी विचारलंच नाही कुणाला.

अनघा, सातारा
प्रकाशदादांचं बरोबर आहे, या दोन पोस्टवरून वाक्याचा निकाल लागत नाही. पण एक गोष्ट दिसते, फॉलो न मागितल्यानं फॉलो कमी झालेले नाहीत. खरी तुलना करायची तर एकाच जातीच्या पोस्ट घ्या. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, सांडगे असे प्रमाणाचे सहा तक्ते करा, तिनाला जुनं वाक्य, तिनाला नवं, आलटून पालटून टाका. आणि नुसती सेव्हची संख्या बघू नका, तुम्ही आत्ता काढलंत तसं हजार लोकांमागं किती ते बघा, नाहीतर जास्त लांब गेलेली पोस्ट उगाच जिंकते. ऑर्डर देणाऱ्याला "कुठं बघितलं" एवढं विचारायला लागा.

आणि वाक्य कुठं आहे ते पण बघा. लांब कॅप्शनच्या शेवटी असेल तर ते दिसतच नाही, वरची साधारण 125 अक्षरं झाली की पुढचं झाकलं जातं. तक्ता असेल तर वाक्य तक्त्याच्याच फोटोवर टाका, धन्यवादवाल्या शेवटच्या फोटोवर नको, तिथपर्यंत निम्मे जात नाहीत. रीलमध्ये अगदी तळाला लिहू नका, तिथं नाव आणि कॅप्शन येऊन अक्षरं झाकतात.

स्वाती, विश्रामबाग
मग भाजणीच्या तक्त्याला असं लिहिते: "भाजणीचं हे प्रमाण श्रावणात लागेल, सेव्ह करा, तुमचं प्रमाण कमेंटमध्ये सांगा, मैत्रिणीला पाठवा आणि पेज फॉलो करा." चालेल?

अनघा, सातारा
चार कामं झाली ताई, एकही होणार नाही. पहिलं ठेवा, बाकीची तीन काढा. तुमचं प्रमाण सांगा हे छान आहे, पण ते दुसऱ्या पोस्टला, जिथं सासूबाई भाजणी भाजतायत त्या रीलला ठेवा. फॉलो मागायचंच असेल तर "उद्या याच भाजणीच्या थालीपीठाची रील येतेय" अशा वेळी मागा, तिथं माणसाला परत यायचं काम असतं.

प्रकाश, गणपती पेठ
मी अजून फॉलोच्याच बाजूनं आहे. साडीच्या फोटोत परत लागणार असं काही नसतं, तिथं सेव्ह मागून काय करू?

अनघा, सातारा
लग्नसराईच्या आधी लोक साड्यांचे फोटो सेव्ह करून घरात दाखवतात, निदान पैठणीला तरी करून बघा की दादा.

प्रकाश, गणपती पेठ
दाखवायचं असेल तर लोक सरळ स्क्रीनशॉट काढतात, तो कुठल्याच आकड्यात येत नाही.

स्वाती, विश्रामबाग
भाजणीचा तक्ता सोमवारी टाकते, एकच वाक्य ठेवून. सहा झाले की हजारी आकडे इथंच लिहीन.