विषय: वडील नाशिकला आयसीयूत, टेक्सासमध्ये रजा कोणत्या कायद्याने मागू?

प्रसाद, ह्यूस्टन

नमस्कार मंडळी,

बाबांना काल नाशिकमध्ये पक्षाघाताचा झटका आला, ते आयसीयूत आहेत. मी सोमवारी, ३ मार्चला निघतोय. एचआरला विचारलं तर उत्तर आलं की पॉलिसीत आईवडिलांच्या आजारपणासाठी वेगळी रजा नाही, कुणी गेल्यास ३ दिवस मिळतात. माझे पीटीओचे फक्त ६ दिवस उरलेत. मी कंपनीत १४ महिने आहे, घरून काम करतो, माझी टीम डॅलसच्या ऑफिसची. तिथे तीनेकशे लोक असतील. टेक्सासमध्ये यासाठी कायदा आहे का? आई घरी एकटी आहे, म्हणून लवकर कळलं तर बरं.

शैलेश, प्लेनो

प्रसाद, टेक्सास राज्याचा खाजगी नोकरीसाठी असा कायदा नाही. पण फेडरल एफएमएलए आहे, १९९३ पासूनचा. १२ आठवडे बिनपगारी रजा, आणि नोकरी सुरक्षित. तेराव्यापर्यंतचं सगळं त्यातच बसेल. अडचण एकच, तू घरून काम करतोस. ७५ मैलांत कंपनीची ५० माणसं लागतात. ह्यूस्टनला तू एकटाच, म्हणजे तुला बहुधा लागू होणार नाही.

वैशाली, सॅन होजे

आमच्याकडे २०२३ पासून आईवडील, सासूसासरे, कुणीही गेलं तरी ५ दिवस कायद्याने मिळतात, आणि ते सलग घ्यावे लागत नाहीत. मी सासूबाईंच्या वेळी तीन दिवस आधी आणि दोन दिवस महिन्याभराने घेतले. प्रसाद, तू तेच माग ना.

मेधा, डॅलस

प्रसाद, आधी बाबांसाठी मनापासून प्रार्थना. मी निवृत्त होईपर्यंत रजेचे अर्जच हाताळले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वैशाली, तो कॅलिफोर्नियाचा कायदा आहे. प्रसाद टेक्सासमध्ये काम करतो, त्याला तो लागू नाही.

शैलेश, ५० माणसं आणि ७५ मैल हे बरोबर, पण मोजायचं कुठून ते चुकलं. घरून काम करणाऱ्याचं घर हे कामाचं ठिकाण धरत नाहीत. तो ज्या ऑफिसला रिपोर्ट करतो किंवा जिथून त्याला काम मिळतं, ते ऑफिस धरतात. म्हणजे डॅलस, तिथे तीनशे. शिवाय १२ महिने नोकरी आणि मागच्या १२ महिन्यांत प्रत्यक्ष केलेलं १,२५० तास काम, या दोन्ही अटी पूर्णवेळ नोकरीत प्रसादने ओलांडल्यात. एचआरच्या माणसाने फक्त कंपनीची पॉलिसी वाचली, कायदा वाचला नाही. हे मी खूपदा पाहिलंय. तेव्हा प्रसाद, ईमेल असं लिही: "माझे वडील गंभीर आजारी आहेत, त्यांच्या देखभालीसाठी एफएमएलए रजा मागतो आहे." कायद्याचं नाव घेणं सक्तीचं नाही, पण घेतलंस की टाळाटाळ कमी होते. पात्र आहेस की नाही हे त्यांनी कामाच्या ५ दिवसांत कळवायचं असतं.

आता डॉक्टरांचं पत्र. फॉर्म WH-380-F असतो, किंवा कंपनीचा स्वतःचा. भरायला १५ दिवस मिळतात. "अमेरिकन डॉक्टरचीच सही लागेल" असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. वडील भारतात आहेत, तर भारतात व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरचं प्रमाणपत्र मान्य करावंच लागतं. खरी गडबड वेगळीच होते. आपल्याकडचे डॉक्टर लेटरहेडवर "पेशंट ॲडमिट आहे" एवढंच लिहितात. त्यावर "अपुरं आहे" म्हणून परत येतं. तसं आलं तर काय कमी आहे ते त्यांनी लेखी सांगायचं आणि दुरुस्तीला ७ दिवस द्यायचे. पण तू आधीच लिहून घे: आजार कधी सुरू झाला, किती दिवस चालेल असा अंदाज, आणि तुझी गरज का. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. आयसीयूत नर्स आहेत, मग मुलगा कशाला, असं कंपनी विचारते. रुग्णाला धीर देणं आणि पुढच्या देखभालीची व्यवस्था लावणं हेही कायद्यात 'देखभाल' धरतात. डॉक्टरांना हे एका वाक्यात लिहायला सांग.

पीटीओबद्दल सावध राहा. एफएमएलए रजेत तुझा पीटीओ आधी संपवायला लावण्याची मुभा कंपनीला असते. तुमच्या हँडबुकमध्ये तशी सक्ती नसेल, तर हे ६ दिवस जपून ठेव. कारण, लिहिताना हात अडखळतो, पण आत्ताच सांगते: आजारी माणूस गेला की एफएमएलए त्याच दिवशी थांबते. ती देखभालीची रजा आहे, सुतकाची नाही. तेराव्याचे दिवस त्यात बसत नाहीत.

अनघा, शिकागो

माझे सासरे पुण्यात आजारी आहेत, दीर परदेशात. माझ्याही १२ आठवड्यांची मोजणी करता येईल का? आणि एच-१बी वर पगार बंद झाला तर स्टेटस जातं का?

मेधा, डॅलस

अनघा, एफएमएलएत सासूसासरे येत नाहीत. तुझ्या नवऱ्याने त्याच्या नोकरीतून मागायची. हा कायदा नाती फार अरुंद धरतो, आणि मला ते कधीच पटलं नाही. मात्र कुणाला काकूने किंवा मामाने लहानाचं मोठं केलं असेल, तर ते पालक धरले जातात, साध्या लेखी निवेदनावर. एच-१बी चं म्हणशील तर, आजारी नातलगासाठी तू स्वतःहून मागितलेली बिनपगारी रजा चालते. मागणी लेखी असू दे आणि प्रत जपून ठेव. व्हिसाचा स्टँप संपला असेल तर निघण्याआधी वकिलाला विचार, ते माझं क्षेत्र नाही.

प्रसाद, नाशिक

मेधाताई, बाबा शुक्रवारी, १४ मार्चला सकाळी गेले. शेवटचे दोन दिवस त्यांनी माझा हात धरून ठेवला होता.

एचआरने एफएमएलए मंजूर केली. घरून काम करतो म्हणून आधी नकार दिला होता, डॅलस ऑफिसचं लिहिल्यावर बदलला. डॉक्टरांचं पत्र एकदा परत आलं, तुम्ही सांगितलेलं वाक्य घालून पुन्हा पाठवलं. हँडबुकमध्ये पीटीओची सक्ती नव्हती, म्हणून ३ ते १४ मार्च, कामाचे १० दिवस, बिनपगारी धरले. १७ ते १९ हे कंपनीचे ३ दिवस. २० पासून ६ दिवस पीटीओ, तो २७ ला संपतो. तेरावा २६ ला आहे. २८ चा एक दिवस मॅनेजरने बिनपगारी दिला, पण तो मेहरबानी म्हणून, तसं ईमेलमध्ये लिहिलंय.

प्रश्न आईचा आहे. ती जेवत नाही, झोपत नाही, रात्री उठून बाबांच्या खोलीत जाऊन बसते. उरलेले १० आठवडे तिच्यासाठी मिळतील का?

शैलेश, प्लेनो

प्रसाद, फार वाईट झालं. तेराव्याचं मी चुकीचं सांगितलं होतं, माफ कर.

मेधा, डॅलस

प्रसाद, बाबांना सद्गती लाभो. आईचा वेगळा अर्ज लागेल, आणि नुसतं दुःख आहे एवढ्यावर तो टिकणार नाही. तिला डॉक्टरांकडे ने. त्यांनी आजाराचं निदान केलं, उपचार सुरू केले आणि ती स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असं लिहून दिलं, तर उरलेल्या १० आठवड्यांतून मागता येईल. सलग नको असेल तर तुकड्यातुकड्यानेही. कंपनी मानेल की दुसऱ्या डॉक्टरचं मत मागेल, ते आत्ता सांगता येत नाही. २८ च्या आत पत्र हातात आलं तर मला पाठव, अर्ज आपण मिळून लिहू.