डबल मार्कर १:२०० आलंय. थेट अ‍ॅम्निओ करावी का?

मृण्मयी_के
वय ३१, पहिलंच बाळंतपण. डबल मार्कर या रक्ततपासणीचा रिपोर्ट परवा आला. ट्रायसोमी २१, म्हणजे डाऊन सिंड्रोम, याच्या पुढे १:२००, शेजारी लाल अक्षरात ‘स्क्रीन पॉझिटिव्ह’. वयानुसार जोखीम १:५४० आणि कट-ऑफ १:२५० असं छापलंय. डॉक्टरांकडे गर्दी होती, त्यांनी “एनआयपीटी किंवा अ‍ॅम्निओ, ठरवून सांगा” एवढंच म्हटलं. पहिली रक्ताची तपासणी आणि दुसरीत पोटातून सुई घालून गर्भजल काढतात, इतकंच मला माहीत. सासूबाई म्हणतात, २०० हा आकडा २५० च्या खाली आहे म्हणजे चांगलंच की. मला तर तीन रात्री झोप नाही. आधी ट्रिपल मार्कर करून खात्री करून घ्यावी की थेट अ‍ॅम्निओ? अनुभव असलेल्यांनी प्लीज सांगा.

प्रथमेश_जे
साधं गणित आहे. १ भागिले २०० म्हणजे अर्धा टक्का. म्हणजे टेस्ट ९९.५ टक्के खात्रीने सांगतेय की सगळं ठीक आहे. लाल अक्षरं विसरा आणि झोपा.

सूक्ष्मदर्शक
प्रथमेश, भागाकार बरोबर, पण ‘खात्री’ हा शब्द तुम्ही पदरचा घातलात. मी बरीच वर्षं हेच रिपोर्ट काढण्याच्या कामात होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मृण्मयीताई, एका मंगल कार्यालयात २०० गरोदर बायका बसल्यात आणि प्रत्येकीच्या हातात तुमच्यासारखाच १:२०० चा रिपोर्ट आहे असं समजा. त्यातल्या साधारण एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल, १९९ जणींच्या बाळांना नसेल. ती एक कोण, हे रक्त सांगू शकत नाही. त्यामुळे बाळाला काही आहे असंही हा कागद म्हणत नाही आणि नाही असंही म्हणत नाही. दुसरा आकडा जितका लहान तितकी जोखीम जास्त, म्हणून सासूबाईंचा हिशेब उलटा पडतोय. १:५० हे १:२०० पेक्षा चारपट जास्त.

२५० ची रेषा ही पुढची तपासणी कोणाला सुचवायची हे ठरवायला आखलेली असते. १:२४० ला लाल शाई आणि १:२६० ला हिरवी, पण दोघींची स्थिती जवळपास सारखीच.

आता तुमचा आकडा कसा बनला ते बघा. सुरुवात वयापासून, १:५४०. तुमच्या रक्तातल्या दोन घटकांनी ती सुमारे २.७ पट केली आणि १:२०० झाली. ते दोन घटक म्हणजे पॅप-ए आणि फ्री बीटा एचसीजी. डाऊनमध्ये सहसा पहिला कमी आणि दुसरा जास्त दिसतो. दोन्ही आकडे थेट वापरत नाहीत, त्या आठवड्याच्या बायकांच्या मधल्या आकड्याशी तुलना करून वापरतात. म्हणून मला तीन गोष्टी सांगा: रिपोर्टवर किती आठवडे लिहिलेत आणि ते कशावरून काढलेत, वजन किती लिहिलंय, आणि एनटी, म्हणजे सोनोग्राफीत मोजलेली बाळाच्या मानेमागची जाडी, त्या रकान्यात काय आहे?

सुलभाकाकू
आमच्या सुनेच्या ट्रिपल मार्करमध्ये एएफपी जास्त आलं होतं. पाठीच्या कण्याचं काहीतरी म्हणाले, सगळं घर हादरलं. मग मोठी सोनोग्राफी केली तर बाळ ठणठणीत, फक्त तारखा मागेपुढे झालेल्या. नात आता शाळेत जाते. तेव्हा घाबरू नकोस बाळा.

सूक्ष्मदर्शक
काकू, तुमचा प्रश्न वेगळ्या आजाराचा होता, पण कारण तेच असू शकतं. एएफपी हे बाळाकडून आईच्या रक्तात येणारं प्रथिन, ते आठवड्यागणिक वाढतं. बाळ कागदावरच्या वयापेक्षा मोठं असेल तर एएफपी उगाच जास्त दिसतं.

मृण्मयी_के
आठवडे १३ आणि १ दिवस, ‘एलएमपीनुसार’, म्हणजे शेवटच्या पाळीच्या तारखेवरून. वजन बरोबर आहे. एनटीचा रकाना रिकामा! सोनोग्राफी झाली होती, त्याच दिवशी. त्यात एनटी १.३ मिमी आणि सीआरएल ५५ मिमी आहे. मला पीसीओडी आहे, पाळी कधीच वेळेवर नसते.

सूक्ष्मदर्शक
मग इथेच घोळ आहे. सीआरएल ही बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी, आणि ती ५५ मिमी म्हणजे साधारण १२ आठवडे १ दिवस. कागदावर बाळ एक आठवडा मोठं झालंय. या काळात पॅप-ए दर आठवड्याला झपाट्याने वाढतो आणि फ्री बीटा हळूहळू उतरतो. वय जास्त लिहिलं की तुमचा पॅप-ए कमी वाटतो आणि बीटा जास्त. म्हणजे नेमकं डाऊनसारखं चित्र उमटतं, बाळाचा काही संबंध नसताना. सोनोग्राफीचा कागद लॅबला द्या आणि फेरगणना मागा. रक्त पुन्हा द्यायचं नाही, तेच आकडे नव्या तारखेने आणि एनटी धरून मोजायचे.

ट्रिपल मार्करने ‘खात्री’ करायला जाऊ नका. एनटी धरलेला डबल मार्कर डाऊनच्या शंभरातल्या ८५ ते ९० केसेस पकडतो, ट्रिपल ७० च्या आसपास. भक्कम चाचणीचं उत्तर कमकुवत चाचणीने खोडता येत नाही. वर ती १५ आठवड्यांनंतर होते, तेवढा वेळ हातचा जातो.

अनघा_आणि_ओम
एक दुसरी बाजू लिहिते. माझा रिपोर्ट १:१८०० होता, हिरवा. ओमला डाऊन आहे, आता सहा वर्षांचा आहे. कोणी चूक केली नाही. अठराशेंत एक जण असतोच, तो आमच्या घरी आला. म्हणून ‘लो रिस्क’ वाचून कोणी पेढे वाटू नयेत एवढंच. आणि तो आला म्हणून आमचं घर बुडालं नाही, हेही.

निशिगंधा
माझं १:४५ होतं. मी एनआयपीटीत वेळ न घालवता १६ व्या आठवड्यात अ‍ॅम्निओ केली. सुई दिसते भयंकर, पण दुखणं इंजेक्शनएवढंच. झटपट रिपोर्ट तीन-चार दिवसांत नॉर्मल आला, सगळ्या गुणसूत्रांच्या पूर्ण तपासणीला, कॅरिओटाइपला, दोन-तीन आठवडे लागले. मला आजही वाटतं तेच बरोबर होतं, कारण मला हो की नाही हवं होतं.

प्रथमेश_जे
पण अ‍ॅम्निओने गर्भपात होतो ना? मग अर्ध्या टक्क्यासाठी कशाला?

सूक्ष्मदर्शक
सरावाच्या हाताने केली तर ती जोखीम हजारी एक ते तीनच्या घरात धरतात. १:४५ ला हा सौदा सोपा असतो, १:२०० ला विचार करावा लागतो. एनआयपीटीत फक्त आईचं रक्त घेतात, त्यामुळे ती भीती नाही. डाऊन ती ९९ टक्क्यांच्या आसपास पकडते. पण तीही चाळणीच, पॉझिटिव्ह आली तर अ‍ॅम्निओ लागतेच. खर्च आणि वाट बघणं हे तिचे तोटे. आणि मुलगा की मुलगी हे त्यात कळणार नाही, कायद्याने बंदी आहे. पुष्कळजण विचारतात म्हणून आधीच लिहिलं.

मृण्मयी_के
लॅबने फेरगणना करून दिली. आता १:८६०. लॅबचा माणूस म्हणाला “मधला गट”. डॉक्टर म्हणतात परवडत असेल तर एनआयपीटी करा, नाहीतर १८-२० आठवड्यांची अ‍ॅनोमली स्कॅन नीट करू. सासूबाईंना आता आकडा मोठा झाला म्हणून काळजी वाटतेय :) अ‍ॅम्निओ तर आता मनातून गेली. नवरा म्हणतो एनआयपीटी करून मोकळं होऊ, मला वाटतं एवढे पैसे घालावेत का?

निशिगंधा
मी केली असती.

अनघा_आणि_ओम
मी केली नसती. पण आधी दोघांनी बसून ठरवा, ती पॉझिटिव्ह आली तर पुढे काय करणार? अ‍ॅम्निओ करायचीच नसेल, तर त्या कागदाचं काय कराल?

सूक्ष्मदर्शक
१:८६० ला दोन्ही उत्तरं चालतात. पण करायची तर या आठवड्यातच करा. रिपोर्टला आठ-दहा दिवस जातात, क्वचित नमुना फेल होतो आणि परत द्यावा लागतो. अ‍ॅम्निओची वेळ आलीच तर १६ वा आठवडा हाताशी राहायला हवा. आणि फॉर्मवर तारीख सीआरएलची लिहून घ्या, एलएमपीची नको.