किनाऱ्यावरून आणलेल्या होडीचं नाव बदलवावं का?

वैनगंगेकाठचा (नागपूर): मामांनी गोसेखुर्दच्या जलाशयासाठी रायगडकडून जुनी फायबर होडी आणली. नाळेवर 'एकवीरा प्रसाद' लिहिलं आहे. आम्ही ढिवर, आमच्या डोंग्यांना नावं नसतात. मामा म्हणतात नाव खोडा, आजोबा म्हणतात राहू द्या. आणि पाण्यात उतरवताना पूजा कशी करायची?

दर्यावरची सून: माझं माहेर नागपूरचं, सासर कोळीवाड्यातलं. नाव खोडू नका. कार्ल्याची एकवीरा ही कोळ्यांची आई. 'प्रसाद' लिहिणारा नाखवा होडी आईनं दिली असं मानतो. ते नाव पुसणं मला तरी सहन होणार नाही.

मोहाडीवाला: काहून नाही बदलवायचं? होडी विकली, मालक बदलला. माझ्या बापाचा डोंगा एकाच खोडाचा होता, टोकावरच्या खाचेवरून अख्खं गाव ओळखायचं. नावाविना तीस वर्षं चालला. दुसऱ्याची देवी अंगावर घेऊन आपल्या नदीत फिरायचं, हे मनाला पटत नाही.

सीताबर्डीकर: नारळी पौर्णिमेलाच उतरवा, कोळी सगळ्या नव्या होड्या त्याच दिवशी सोडतात.

दर्यावरची सून: दादा, त्या दिवशी दर्याला नारळ वाहतात. नवी होडी उतरवायला मुहूर्तासोबत भरतीही बघावी लागते. जड लाकडी होडी ओंडक्यांवरून ढकलत नेतात, म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचं उधाण सोयीचं पडतं, पाणी पार वर चढतं. गोसेखुर्दला भरतीच नाही. तिथे चिखल नसलेला उताराचा काठ शोधा, तिथी घरची धरा.
पूजेत हळद-कुंकू, हार, नाळेवर नारळ. पण फायबरवर नारळ फोडू नका! आमच्या दिरांनी फोडला होता. वरच्या गुळगुळीत थराला चांदणीसारख्या बारीक रेघा गेल्या, दोन महिन्यांनी त्यातून पाणी आत मुरलं आणि तिथे टिचकी मारली की पोकळ आवाज येऊ लागला. नारळ शेजारच्या दगडावर फोडून पाणी नाळेवर शिंपडा. तोरणालाही खिळा नको, दोरीनं बांधा.

कागदवाला: एक राहिलं. समुद्रातल्या नोंदणीत होडीचं नावही असतं. जुने कागद आणि विक्रीचा करार सांभाळा, नाव पुसण्याआधी नोंदणी क्रमांकासह फोटो काढा. तुमच्याकडे काय नोंद लागेल ते मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा.

मोहाडीवाला: फोटो काढा, मग खोडा. पण नुसता रंग फासू नका. पॉलिश कागदानं घासल्याशिवाय फायबरवर ऑइलपेंट धरत नाही, पापुद्रे निघतात आणि खालचं नाव पुन्हा दिसतं.

दर्यावरची सून: खोडायचंच असेल तर आधी आईची ओटी भरा, मग घासा. माझं मत मात्र तेच.

वैनगंगेकाठचा: आजोबांना वाचून दाखवलं. ते म्हणतात, नाव राहू दे, त्याखाली आपल्या आजीचं नाव लिहा. मामा अजून गप्प आहेत. नारळ दगडावर, एवढं मात्र दोघांनाही मान्य.