मदत हवी आहे: आरओच्या पाण्यातही नायट्रेट जास्त

लातूर जिल्ह्यातील आमच्या शेतातल्या बोअरच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ११० मिलिग्रॅम निघाले आहे (मर्यादा ४५); उसाला दिलेला युरिया आणि बोअरलगतचा उकिरडा हीच कारणे असावीत. घरी वरच्या दुधावरचे तीन महिन्यांचे बाळ आहे. त्याचे ओठ किंवा नखे निळसर झालेली नाहीत, तरीही दुधाची पावडर सध्या तपासून घेतलेल्या जारच्या पाण्यातच कालवतो. उकळल्याने पाणी आटून नायट्रेट उलट वाढते, म्हणून आरओ बसवला; पण त्याच्या पाण्यातही ५२ आले. चवीसाठी बसवणाऱ्याने टीडीएसचा स्क्रू उघडा ठेवला असून त्यातून बोअरचे थोडे पाणी गाळलेल्या पाण्यात मिसळते. तो पूर्ण बंद करून फेरतपासणी करणे पुरेसे आहे, की मेम्ब्रेनच खराब आहे हे स्क्रू बंद केल्यावर टीडीएस मीटरनेही ओळखता येईल?