‘आतलं पान’ म्हणजे नेमकं कोणतं? तिघडी पत्रकातल्या शब्दांविषयी

मृणाल: सहकारनगरमधल्या आम्ही सहा-सात जणी घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करायला शिकवतो. त्यासाठी ए-४ आकाराचं, तीन भागांत दुमडणारं पत्रक करतेय. मजकूर माझा, मांडणीही माझीच. छापखान्यातून निरोप आला, “आतलं पान ३ मिमी आखूड धरा आणि मॅटर त्याप्रमाणे बसवा.” पत्रक पूर्ण उघडलं की आत तीन पानं दिसतात. त्यातलं मधलं ते ‘आतलं’ असं समजून मी ते ९७ मिमीचं केलं आणि दोन्ही बाजूंची १०० ची. छापखान्याने प्रूफ घडी घालून पाठवलं, तर तिसऱ्या पानाची हिरवी पार्श्वभूमी घडी ओलांडून मधल्या पानावर आली आहे. बारीक पट्टी आहे, पण नजर तिथेच जाते. तिसऱ्या पानावरचा मजकूरही घडीला जवळजवळ चिकटलाय. ‘आतलं पान’ याचा अर्थ मी चुकीचा घेतला का? आणि अशा पत्रकाला मराठीत काय म्हणायचं, ‘तिघडी’ की ‘दुघडी’? घड्या तर दोनच पडतात.

संजय: ए-४ आडवा धरला की रुंदी २९७ मिमी. भागिले ३, म्हणजे ९९. तिन्ही पानं ९९ ची ठेवा, कुठलंच आखूड करायला नको. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचं पत्रक मी असंच केलं होतं आणि ते व्यवस्थित दुमडलं.

वामनकाका: संजयराव, तुमचं पत्रक बहुधा साडीच्या निऱ्यांसारखं दुमडलं असेल, एक घडी पुढे, एक मागे. छापखान्यात त्याला झेड फोल्ड म्हणतात. तिथे कुठलंच पान दुसऱ्याच्या पोटात शिरत नाही, म्हणून ९९-९९-९९ बरोबर. मृणालताईंची घडी औषधाच्या पुडीसारखी आहे. आधी एक पान आत दुमडायचं, मग त्यावर दुसरं मिटायचं. आत गेलेलं पान बाकीच्यांइतकंच रुंद असलं तर त्याची कड समोरच्या घडीवर जाऊन टेकते. मग कागद फुगतो, पत्रक नीट मिटत नाही, किंवा ती कड वळून चुरगळते. म्हणून ते २-३ मिमी आखूड करायचं.

आता शब्दाचं. तुम्ही ‘आतलं’ म्हणजे ‘उघडल्यावर आत दिसणारं’ असं घेतलंत. छापखान्यातला माणूस ‘आतलं’ म्हणतो ते ‘घडी घालताना आत जाणारं’. मी नारायण पेठेतल्या छापखान्यात आधी खिळे जुळवले, मग डीटीपी केलं. हा घोटाळा मी अनेकदा पाहिलाय, आणि दर वेळी चूक शब्दाची असते, माणसाची नसते.

एक कोरा कागद घ्या. आडवा धरून उजवा तिसरा हिस्सा आत दुमडा, मग डावा त्यावर मिटा. वरच्या पानावर पेन्सिलीने ‘मुखपृष्ठ’ लिहा, पालथा करून ‘संपर्क’ लिहा. मुखपृष्ठ उघडा. उजवीकडे जे मिटलेलं पान दिसेल त्यावर ‘आत जाणारं’ लिहा. आता सगळा कागद उलगडून बाहेरची बाजू वर करा. डावीकडून क्रम दिसेल: आत जाणारं, संपर्क, मुखपृष्ठ. मापं ९७, १००, १००. कागद पान उलटल्यासारखा उलटा, की तेच आखूड पान उजवीकडे जातं. म्हणजे आतल्या बाजूची मापं १००, १००, ९७.

मृणाल: काका, करून पाहिलं आणि पट्टी कुठून आली ते लगेच दिसलं. माझी दुसरी रेघ १९७ मिमीवर होती. त्यांची घडी २०० वर पडली. हिरवा रंग मी १९७ पासून भरला होता, म्हणून ३ मिमी मधल्या पानावर सांडला. मी घडीपासून दोन्हीकडे ६ मिमी सोडते, त्यामुळे तिसऱ्या पानाचा मजकूर २०३ पासून सुरू होत होता. घडीपासून उरले फक्त ३.

वामनकाका: अगदी बरोबर. रंग पानापानाला वेगळा असला की ही चूक चटकन दिसते. सगळा कागद पांढरा असता तर फक्त समास कमी-जास्त झाले असते, आणि काहीतरी बिनसलंय एवढंच जाणवलं असतं. कागद पांढरा असेल तर मिटलेल्या पत्रकाच्या घडीपासून मजकुरापर्यंत दोन्ही बाजूंना मोजपट्टी लावून मोजायचं.

दिगंबर: ‘तिघडी’ वाचून मला वाटलं तीन घटकांत वाचून होणारं पत्रक! घडी म्हणजे घटका, २४ मिनिटं. ‘दोन घडी बसा’ म्हणतो तीच. असा गैरसमज होणार असेल तर शब्द बदलावा.

शर्वरी: दिगंबरजी, दोन्ही ‘घडी’ भाषेत शेजारी शेजारी सुखाने नांदतात. ‘इस्त्रीची घडी’ ऐकून कोणी वेळ विचारत नाही. पत्रक हातात असताना अर्थ आपोआप ठरतो.

मृणालचा प्रश्न मात्र मला मोलाचा वाटतो. घड्या दोन असताना ‘तिघडी’ कसं? घोंगडी चौघडी करून अंथरतात तेव्हा आपण ती दोनदाच दुमडतो, पण थर चार होतात, म्हणून ती चौघडी. म्हणजे आपली भाषा इथे मोड मोजत नाही, पदर मोजते. दुपदरी, तिपदरी यांतही तेच. त्या हिशेबाने तीन पदरांचं पत्रक ‘तिघडी’च. ‘तीन घड्यांचं पत्रक’ असं म्हटलं तर मात्र अर्थ बदलतो. तीन मोड पाडले की चार पानं होतात, आणि छापखान्यात कोणी तसं ऐकून दर सांगितला तर तो वेगळ्याच कामाचा असेल.

संजय: मग पुडीची घडी आणि निऱ्यांची घडी, दोन्ही तिघडीच ना? नुसतं ‘तिघडी’ लिहिलं तर छापखान्याला काय कळणार?

शर्वरी: मुद्दा पटला. ‘तिघडी’ने पदर कळतात, दुमडायची तऱ्हा कळत नाही. ती वेगळी सांगावीच लागेल.

वैशाली: आमच्या दवाखान्याच्या पत्रकात वेगळाच घोळ झाला होता. संपर्क ‘शेवटच्या पानावर’ टाका असं मी सांगितलं. मांडणी करणाऱ्याने पडद्यावर डावीकडून मोजून आतल्या बाजूचं शेवटचं, म्हणजे उजवं पान निवडलं. फोन नंबर पाहायला पेशंटला सगळं पत्रक उलगडावं लागायचं. ‘मलपृष्ठ’ म्हटलं असतं तर वाचलो असतो का?

शर्वरी: मलपृष्ठ पुस्तकाच्या संदर्भात सगळ्यांना कळतं, पण पत्रकाच्या बाबतीत ते कागदाच्या मधोमध असतं हे त्या शब्दातून कळत नाही. शिवाय ‘मल’ ऐकून दवाखान्याच्या लोकांना कसंतरी होतं, हे मी दोनदा अनुभवलंय. मी ‘पाठीचं पान’ म्हणते.

वामनकाका: ‘पाठ’ चांगला शब्द आहे. पुस्तकाच्या कण्यालाही पाठ म्हणतात, तेवढं लक्षात ठेवा. पत्रकाला कणा नसतो, त्यामुळे गोंधळ होणार नाही.

मृणाल: आता मजकुराचं विचारते. आत जाणाऱ्या पानावर मी ‘पायरी १’ घातली होती, कारण डावीकडून ते पहिलं येत होतं. दोन्हीकडे ६ मिमी सोडून मजकुराला ८५ मिमी रुंदी मिळते. मजकूर मावेना म्हणून अक्षर ९ पॉइंटचं केलं. आता वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफारांना जाऊन भिडतात.

वामनकाका: दोन गोष्टी. पहिली म्हणजे, मुखपृष्ठ उघडल्यावर वाचकाला दोन पानं शेजारी दिसतात. डावीकडे आतल्या बाजूचं पहिलं पान आणि उजवीकडे हे आत जाणारं. ते उघडलं की तिथे तिसरं आतलं पान येतं. म्हणून पायऱ्या इथे घालू नका. पायरी १, २, ३ आतल्या तीन पानांवर सलग येऊ द्या. इथे एकटं वाचलं तरी पुरेल असं काही द्या. तुमच्या बाबतीत ‘काय चालतं, काय चालत नाही’ हे इथे शोभेल. भाजीची देठं, चहाचा चोथा, सुकी पानं एकीकडे, प्लास्टिक आणि तेलकट उरलंसुरलं दुसरीकडे.

दुसरी म्हणजे, अक्षर लहान करून देवनागरी मजकूर बसत नाही, नुसता दाटतो. आपल्या लिपीला ओळीच्या वरही जागा लागते आणि खालीही. मी १०.५ पॉइंटला १५ पॉइंटचं ओळअंतर ठेवतो. वर-खाली १२-१२ मिमी सोडले तर २१० मिमी उंचीत ३५ ओळी बसतात. ८५ मिमीच्या ओळीत मराठीचे सहाएक शब्द येतात. म्हणजे ठासून भरलं तरी २१० शब्द. शीर्षक आणि एक चित्र आलं की १२० च्या आसपास थांबा.

आणि दोन्ही कडा सरळ करू नका. मराठीत विभक्ती, शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडून येतात. ‘स्वयंपाकघरामध्ये’सारखा शब्द अरुंद ओळीत मावला नाही की अख्खा खाली जातो, आणि वरच्या ओळीत शब्दांमध्ये भगदाडं पडतात. डावी कड सरळ ठेवा, उजवी मोकळी सोडा.

शर्वरी: मृणाल, जमलं तर एक वाक्य इथे दे. जागा बहुतेक वाक्यातच सापडते.

मृणाल: “आपल्या घरातील स्वयंपाकघरामध्ये दररोज निर्माण होणाऱ्या ओल्या कचऱ्याचे घरच्या घरीच खतामध्ये रूपांतर करणे शक्य आहे.”

शर्वरी: “घरच्या ओल्या कचऱ्याचं घरीच खत होतं.” पंधरा शब्दांचे सहा झाले, अडीच ओळींची एक. ‘निर्माण होणाऱ्या’, ‘रूपांतर करणे शक्य आहे’ ही अर्जातली भाषा आहे. गच्चीवर शेजारणीला सांगताना तू असं बोलत नाहीस.

मृणाल: नाही बोलत. असं सगळं पुन्हा लिहिलं तर १९० शब्दांचे १२० होतील असं वाटतंय.

संजय: कागद कोणता घेताय? जाड घेतला तर पत्रक भारदस्त दिसतं.

वामनकाका: १३० जीएसएमचा आर्ट पेपर नुसता दुमडला तरी चालतो. १७० किंवा त्याहून जाड घेतलात तर आधी क्रीझिंग करून घ्या, म्हणजे घडीच्या जागी दाबून खाच पाडून घ्या. नाहीतर तुमच्या त्या हिरव्यावरच घडीच्या ठिकाणी रंग तडकून पांढरी रेघ दिसेल.

मृणाल: फाईल सुधारली. छापखान्याला आता असं लिहिलंय: ‘तिघडी पत्रक, पुडीची घडी. बाहेरची बाजू डावीकडून: आत जाणारं पान ९७, पाठ १००, मुखपृष्ठ १००. आतली बाजू डावीकडून: १००, १००, ९७.’ सोबत पेन्सिलीने लिहिलेल्या डमीचा फोटो जोडलाय. ‘आत जाणारं पान’ मात्र लांबलचक वाटतं. एक शब्द हवा होता.

वैशाली: ‘झडप’? दाराची असते तशी. उघडते, मिटते.

शर्वरी: झडप बाहेरून बंद होते असं माझ्या डोळ्यांसमोर येतं. हे पान आत लपतं. ‘दुमडपान’ म्हणून पाहा.

वामनकाका: दुमडलेली तर दोन्ही पानं असतात. आमच्याकडे मुलं सरळ ‘फ्लॅप’ म्हणतात आणि काम होतं. तरी मला वैशालीताईंची झडप आवडली. उद्या छापखान्यात म्हणून बघतो, कोणाला न सांगता कळतं का ते.