सेमिनारच्या स्लाइड्सवरून रिपोर्ट लिहिताना: तुमचे अनुभव सांगा

सांजवेळ: काल माळा आवरताना थर्ड इयरचा सेमिनार रिपोर्ट सापडला, सिव्हिलचा. विषय कोयनेचा १९६७ चा भूकंप आणि धरणाला गेलेले तडे. बारा स्लाइड्सचं प्रेझेंटेशन छान झालं होतं, म्हणून रिपोर्ट एका रात्रीत होईल असं वाटलं. बुलेट घेतले, त्यांना 'आहे', 'होते' जोडलं आणि चार पानं सरांकडे नेली.

सरांनी एकाच वाक्याला गोल केला. स्लाइडवर होतं "जलाशय भरला → भूकंप". मी लिहिलं होतं, "जलाशय भरल्यामुळे भूकंप झाला." सर म्हणाले, "वर्गात तू या बाणावर तीन मिनिटं बोललीस. ती तीन मिनिटं कुठायत?"

खरंच नव्हती. १९६२ पासून पाणी साठायला लागल्यावर लहान धक्के वाढले, पाण्याचा दाब खडकाच्या भेगांत उतरला की भेगेच्या दोन्ही बाजूंची पकड कमी होते, पण ताण खडकात आधीपासूनच असावा लागतो, हे सगळं मी तोंडी सांगितलं होतं. मैत्रिणीच्या वहीत त्याच्या नोंदी मिळाल्या, त्यावरून तो भाग पुन्हा लिहिला. एका बाणाचं दीड पान झालं. तुमचं काय झालं होतं?

चहाटपरी: आमच्याकडे सरळ हिशोब होता, एक स्लाइड म्हणजे दोन पानं. स्पीकर नोट्स कॉपी करायच्या, झाला रिपोर्ट. स्पीकर नोट्स नीट असतील तर अजूनही हेच सांगेन.

खडूफळा: @चहाटपरी, नोट्स उपयोगी पडतात हे खरं. पण दोन पानांचा हिशोब फसतो. "आभार" आणि "विषयसूची" या स्लाइड्सचं काय करणार? आणि बाणासारख्या ठिकाणी दोन पानं पुरायची नाहीत.

मी बरीच वर्षं हे रिपोर्ट तपासतोय. कोयनेचंच उदाहरण घेतो. मुलं स्लाइडवर शेजारी शेजारी लिहितात: "डिझाइन ०.०५, प्रत्यक्ष ०.६३ जी". रिपोर्टात त्याचं होतं, "धरणाने डिझाइनच्या बारा पट धक्का सोसला." हे चूक. ०.६३ ही धरणाच्या लांबीच्या दिशेने नोंदलेली सर्वोच्च त्वरणाची किंमत. धरणाला वाकवणारी दिशा नदीच्या प्रवाहाची, तिथे ०.४९ होतं. शिवाय ०.०५ हा स्थिर बल धरून हिशोब करायचा गुणांक, म्हणजे जातच वेगळी. स्लाइडवर दोन आकडे नुसते शेजारी बसतात, वाक्यात आले की तुलना होते. म्हणून मी सांगतो, प्रत्येक आकड्यापुढे कशाचा, कुठल्या दिशेचा आणि कुठे मोजलेला, एवढं लिहा. ज्याला ते लिहिता येत नाही त्याने तो आकडा मूळ पेपरात जाऊन पुन्हा बघायचा.

रेवा_७: स्लाइडवर फाँट किती ठेवायचा? माझं परवा प्रेझेंटेशन आहे, मागच्या बाकावरून दिसत नाही म्हणतात.

सांजवेळ: @रेवा_७, २४ च्या खाली नको. पण हा धागा नंतरच्या रिपोर्टचा आहे गं, झालं की इथे ये.

पाटणकाठ: माझी आजी कोयनानगरची. ११ डिसेंबरला पहाटे सव्वाचारनंतर धक्का बसला तेव्हा आजोबांनी तिला हाताला धरून बाहेर ओढलं. भांड्यांचा आवाज तिला शेवटपर्यंत आठवायचा. विषयाला सोडून झालं, पण तारीख वाचली आणि राहवलं नाही.

सांजवेळ: अगं, लिहिलंस ते बरं केलंस. माझ्या बारा स्लाइड्समध्ये माणसं कुठेच नव्हती.

ओली_शाई: माझा गोंधळ आकृतीचा. स्लाइडवर लेझर फिरवून "इथे तडा" म्हटलं होतं. रिपोर्टात आकृती तशीच डकवली आणि खाली "आकृती ३: तडे". गाइडने विचारलं, "इथे म्हणजे कुठे?" मग वाक्य लिहिलं: पाणी न सांडणाऱ्या भागातले तडे मुख्यतः धरणाच्या वरच्या भागात, प्रवाहाच्या खालच्या दिशेच्या अंगाचा उतार जिथे एकदम बदलतो त्या पातळीला होते. हे लिहिताना लक्षात आलं की तडे तिथेच का, ते मला वर्गात कुणी विचारलं होतं आणि मी उत्तर टाळलं होतं.

खडूफळा: वर्गात आलेले प्रश्न त्याच दिवशी उतरवून ठेवावेत. कुठला भाग नीट पोचला नाही, ते त्यांवरून कळतं. तिथे आकार अचानक बदलतो म्हणून ताण एकवटतो, हे तुमच्या रिपोर्टात यायलाच हवं.

चहाटपरी: क्रम स्लाइड्सचाच ठेवावा ना पण?

खडूफळा: मी तडे आधी आणि कारणं नंतर मागतो. आमच्याच विभागात उलटं मागणारेही आहेत. आपल्या गाइडला विचारा.

ओली_शाई: आणि स्लाइडवरचा फोटो कुठून घेतला ते आठवतच नसेल तर?

खडूफळा: काढून टाका. धरणाचा छेद स्वतः हाताने काढा, उंची १०३ मीटर लिहा आणि उताराचा मोड ठळक दाखवा. पट्टी मात्र वापरा.