एक गोळी देऊन झाली, म्हणजे चाबूककृमी गेले असं धरायचं का?

मृद्गंध:
भाचा 4 वर्षांचा, वजन 12 किलो. सहा महिने रक्तमिश्रित आव पडते. अमिबावरच्या मेट्रोनिडाझोलचे दोन कोर्स झाले, फरक शून्य. दोन महिन्यांपासून कुंथताना शौचाची जागा बाहेर येते. हिमोग्लोबिन 6.4. शी तपासली तर रिपोर्टात एकच ओळ: 'ट्रायच्युरिसची अंडी आढळली.' म्हणजे चाबूककृमीची. अल्बेंडाझोलची एक गोळी दिली. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासली, पुन्हा तीच ओळ. दाखवतो ते डॉक्टर म्हणतात, हे जंत किरकोळ असतात, गोळी दिलीय, आता जागा बाहेर येते त्यासाठी सर्जन गाठा. मला हे पटत नाहीये. तुमचं मत सांगा.

तर्कट:
डॉक्टरांचं बरोबर आहे. चाबूककृमी लाखो मुलांच्या पोटात असतात आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. या जंतामुळे दिवसाला साधारण 0.005 मिलिलिटर रक्त जातं. अंकुशकृमीची मोठी जात त्याच्या तीसचाळीस पट रक्त घालवते. 6.4 हिमोग्लोबिन बघून चाबूककृमीला धरणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. अंकुशकृमी शोधा, आहारातलं लोह बघा. आणि तीन आठवड्यांनी अंडी दिसली तर त्यात नवल काय? मूल मातीत खेळतं, पुन्हा लागण झाली असेल.

काचपट्टी:
मी पंधरा वर्षं शी तपासण्याचंच काम करते, म्हणून दोन गोष्टी सांगते.

पहिली, पुन्हा लागण झाल्याची. तर्कट, हे कालगणनेतच बसत नाही. अंडं शीतून बाहेर पडतं तेव्हा ते कच्चं असतं. ओलसर, सावलीतल्या मातीत दोनतीन आठवडे पडल्यावर त्यात अळी तयार होते आणि मग ते पोटात गेलं तर लागण होते. आत गेलेली अळी मोठी होऊन अंडी घालायला लागेपर्यंत आणखी दोन ते तीन महिने जातात. गोळीनंतर तीन आठवड्यांनी जी अंडी दिसली ती नव्या जंतांची असूच शकत नाहीत. ती जुन्याच, गोळी पचवून बसलेल्या माद्यांची आहेत.

दुसरी, 'आढळली' या शब्दाची. अंडं ओळखायला सोपं असतं. पिंपासारखं, मध्ये फुगीर, चहाच्या रंगाचं जाड कवच आणि दोन्ही टोकांना काचेसारखी पारदर्शक बुचं. लांबी साधारण 50 मायक्रॉन, रुंदी त्याच्या निम्म्याहून किंचित कमी. आमच्याकडे त्याला ढोलकी म्हणतात, एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. पण एकेक मादी दिवसाला काही हजार अंडी घालते, त्यामुळे पोटात चारपाच जंत असले तरी रिपोर्टात 'आढळली' येतं आणि हजार असले तरी तेच येतं. त्यातही मिठाच्या पाण्यात तरंगवून नमुना घट्ट केला असेल तर मोजकी अंडीसुद्धा सापडतात. तुमच्या भाच्याच्या आजाराचं उत्तर त्या शब्दात नाही, आकड्यात आहे. काटो-काट्झ पद्धतीनं मोजून मागा.

गवतफूल:
माझ्या मुलीलाही असंच व्हायचं. ती तीन वर्षांची असताना जागा बाहेर यायची आणि आम्ही फार घाबरलो होतो. शेवटी निघालं काय, तर बद्धकोष्ठ. मऊ शी होण्याचं औषध सहा महिने दिलं, पायाखाली पाट देऊन बसवायला लागलो, थांबलं. जंतांच्या मागे लागू नका. आणि पांढरे बारीक जंत रात्री खाज आणतात, ते सगळ्याच मुलांना होतात.

मृद्गंध:
गवतफूलताई, त्याला बद्धकोष्ठ नाही, उलट दिवसातून आठदहा वेळा जावं लागतं आणि दर वेळी थोडंसंच होतं. पण पांढऱ्या जंतांवरून आठवलं. परवा जागा बाहेर आली तेव्हा बहिणीनं ओल्या कापडानं आत सारताना लाल भागावर पांढरट दोरे चिकटलेले पाहिले. पुसले तरी निघाले नाहीत. आम्हाला वाटलं कापडाचे धागे.

बालवैद्य:
हे वर लिहिलं असतंत तर निम्मा वाद झालाच नसता. पुसून न निघणारे दोरे म्हणजे चाबूककृमीच असण्याची शक्यता दाट आहे. गवतफूल म्हणतात ते रात्री खाज आणणारे जंत सेंटिमीटरभर लांब, मोकळे आणि वळवळणारे असतात. चाबूककृमी तीन ते पाच सेंटिमीटर लांब असतो. केसासारखा बारीक पुढचा भाग तो आतड्याच्या अस्तरात ओवून बसतो आणि फक्त जाड शेपूट बाहेर लोंबत राहते.

त्याचं नेहमीचं घर म्हणजे मोठ्या आतड्याची सुरुवात. तिथे थोडेसे असतील तर मुलाला काहीच जाणवत नाही, इथपर्यंत तर्कट बरोबर आहेत. पण संख्या शेकड्यांत गेली की ते सबंध मोठं आतडं व्यापत गुदाशयापर्यंत उतरतात. तिथलं अस्तर सुजतं, मुलाला सतत शी आल्यासारखं वाटतं, ते कुंथत बसतं आणि सुजलेलं अस्तर बाहेर सरकतं. म्हणजे जागा बाहेर येणं हा वेगळा आजार नाही, त्याच साखळीतली ती शेवटची कडी आहे. जंत निघाले आणि कुंथणं थांबलं की बहुतेक मुलांमध्ये ती आपोआप आत राहते. सर्जन लागतो तो त्यानंतरही बाहेर येत राहिली तर. मात्र एक सांगून ठेवतो. बाहेर आलेला भाग काळपट पडला किंवा हलक्या दाबानं आत गेला नाही, तर घरी वाट बघू नका, तडक रुग्णालय गाठा.

मृद्गंध, त्याच्या बोटांची टोकं फुगीर आणि नखं गोलसर झालीत का? उंची वयाच्या मानानं कमी आहे का?

मृद्गंध:
उंची कमी आहे, अंगणवाडीतल्या सेविकेनं दोनदा सांगितलं. नखांकडे कधी पाहिलं नव्हतं. आत्ता व्हिडिओ कॉलवर बघितली, घड्याळाच्या काचेसारखी फुगीर दिसतायत.

तर्कट:
दोऱ्यांचं मला माहीत नव्हतं, ते मान्य. पण रक्ताचा हिशेब अजून जुळत नाही.

बालवैद्य:
जुळतो. समजा 500 जंत आहेत. तुमच्याच आकड्यानं रोज अडीच मिलिलिटर, महिन्याला 75. बारा किलोच्या मुलाच्या अंगात जेमतेम 900 ते 950 मिलिलिटर रक्त असतं. इतकं रक्त सहा महिने सतत जात राहिलं आणि खाण्यातून तेवढं लोह मिळालं नाही, तर 6.4 ला पोचायला आणखी कशाची गरज नाही. तुमचा आकडा बरोबर आहे, फक्त तो एका जंताचा आहे.

काचपट्टी:
तरी तर्कटांचा अंकुशकृमीचा मुद्दा सोडू नका. त्यांची अंडी पातळ कवचाची असतात. काटो-काट्झच्या काचेवर ती तासाभरात विरघळल्यासारखी दिसेनाशी होतात, चाबूककृमीची मात्र राहतात. काच दुसऱ्या दिवशी वाचली तर 'अंकुशकृमी नाहीत' या वाक्याला अर्थ उरत नाही. नमुना सकाळी द्या आणि काच अर्ध्या तासात बघायला सांगा. शी अगदी पातळ असेल तर मोजणी फसते, कारण शी मापून घ्यायच्या साच्यात ती ठरत नाही आणि अंडीही पाण्यात पांगून आकडा खोटा कमी येतो. त्यातल्या त्यात घट्ट भाग द्या.

मृद्गंध (पाच दिवसांनी):
मोजून आणली. साच्यात 41.7 मिलिग्रॅम शी बसते, त्यात 520 अंडी, गुणिले 24, म्हणजे ग्रॅममागे 12,480. अंकुशकृमी नाहीत, काच अर्ध्या तासात बघितली. अमिबाही नाही.

काचपट्टी:
जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रतवारीत ग्रॅममागे 10,000 आणि त्यापुढे म्हणजे भारी लागण. आणि हा आकडा एक गोळी पोटात गेल्यानंतरचा आहे.

पायवाट:
मी शाळांमधल्या जंतनाशक मोहिमेत काम करते. एक गोळी निरुपयोगी असल्यासारखं वाचतेय, ते मला मान्य नाही. मोहिमेचा हेतू प्रत्येक मूल जंतमुक्त करणं हा नसतो, सगळ्यांच्या पोटातला भार कमी ठेवणं हा असतो. मोठे गोल जंत एका गोळीनं छान जातात. चाबूककृमींवर असर कमी होतो हे आम्हालाही माहीत आहे, तरी दर वर्षी भार उतरत राहिला तर अशी मुलं कमी होतात.

बालवैद्य:
मोहिमेसाठी बरोबर. पण मोहिमेचा डोस आजारी मुलाला देऊन फाईल बंद करणं चूक आहे. चाबूककृमीच्या बाबतीत अल्बेंडाझोलच्या एका गोळीनं पूर्ण बरी होणारी मुलं साधारण तीनात एक, आणि भार जितका जास्त तितकं प्रमाण आणखी खाली. अशा मुलाला तीन दिवसांचा कोर्स लागतो. मेबेंडाझोल 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, किंवा अल्बेंडाझोल 400 रोज एकदा. सोबत लोह, किलोमागे 3 मिलिग्रॅम, म्हणजे याला रोज 36, आणि हिमोग्लोबिन सुधारल्यावरही काही महिने चालू. हे सगळं त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. 6.4 असताना धाप लागतेय का, हृदयावर ताण आहे का, हे प्रत्यक्षच बघावं लागतं.

आणि त्याला माती खायची सवय आहे का, तेही विचारा. लोह कमी पडलं की मुलं माती खातात आणि त्याच मातीतून पुन्हा अंडी जातात.

मृद्गंध:
खातो. भिंतीचे पोपडे पण खातो. बहीण त्याला त्यासाठी मारायची, हे वाचून रडायला लागली.

मृद्गंध (पाच आठवड्यांनी):
दुसऱ्या डॉक्टरांनी कागद बघून तीन दिवसांचा कोर्स आणि लोह दिलं. कोर्सनंतर तीन आठवड्यांनी मोजणी केली. साच्यात 45 अंडी, म्हणजे ग्रॅममागे 1,080. आव थांबली. जागा शेवटची बाहेर आली त्याला सतरा दिवस झाले. हिमोग्लोबिन 8.1. आता पुन्हा कोर्स द्यायचा की थांबायचं?

तर्कट:
अंडी 91 टक्क्यांनी घटली. आता थांबा, लोह चालू ठेवा. हे उरलेले जंत वर्ष-दोन वर्षांत आपोआप मरतील.

काचपट्टी:
1,080 अजून मध्यम प्रतीत येतं, हलक्यात नाही. मागची शी पातळ होती, आताची घट्ट असेल तर दोन आकडे तंतोतंत तुलनेचे नाहीत. खरी घट 91 टक्क्यांहून जास्तही असेल. मी असते तर दुसरा कोर्स दिला असता.

पायवाट:
अल्बेंडाझोलच्या जोडीला आयव्हरमेक्टिन दिलं तर चाबूककृमींवर परिणाम बराच चांगला होतो. ते का नाही विचारत?

बालवैद्य:
जोडीचं खरं आहे, पण आयव्हरमेक्टिन 15 किलोच्या खालच्या मुलांना सहसा देत नाहीत आणि हा 12 चा आहे. मी दुसरा तीन दिवसांचा कोर्स देईन आणि तीन महिन्यांनी मोजेन. त्या वेळी अंडी दिसली तर मात्र पुन्हा लागण की जुने जंत, हे नुसत्या काचेवरून सांगता येणार नाही. तर्कटांसारखं थांबणारे सहकारीही मला माहीत आहेत आणि त्यांची मुलंही बरी झालेली आहेत. जमैकात अशा मुलांवर काम झालंय, त्यात उपचारानंतर उंची-वजन झपाट्यानं भरून आलेलं दिसलं. त्याची उंची आज मोजून भिंतीवर खूण करून ठेवा.

मृद्गंध:
खूण केली, 91 सेंटिमीटर. गुरुवारी डॉक्टरांकडे जातोय, दोन्ही मतं कागदावर लिहून नेतोय.